कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद : करार स्वाक्षरीसाठी (परतीची तारीख २४ जुलै २०२६)

पुणे, सोमवार, दि. ६ जुलै २०२६

प्रति,
श्रीमती जोशी, अनुवादक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

आपल्याशी गेल्या महिन्यात दूरध्वनीवर झालेल्या चर्चेनुसार दुरुस्त केलेला अनुवाद-करार, पाचशे रुपयांच्या मुद्रांकासह, दोन प्रतींत या पत्रासोबत पाठवीत आहोत. आमच्या बाजूच्या स्वाक्षऱ्या दोन्ही प्रतींवर झालेल्या आहेत. आपल्या स्वाक्षरीची एक प्रत शुक्रवार, दि. २४ जुलै २०२६ रोजी सायंकाळी पाचपर्यंत आमच्या कार्यालयात पोहोचावी, ही विनंती. दुसरी प्रत आपल्याकडेच ठेवावी. ही तारीख सोयीपुरती ठरवलेली नाही. मूळ लेखकांच्या कन्येने दिलेल्या परवानगीपत्रात अनुवादकाशी लेखी करार ३१ जुलैपर्यंत पूर्ण करण्याची अट आहे, आणि २५ तारखेला आषाढी एकादशीची सुट्टी व लगेच रविवार आल्याने त्यानंतर हाती फारसे दिवस उरत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा बदल कलम ४ मध्ये आहे. पहिल्या मसुद्यात अनुवादाचे हक्क प्रकाशनाकडे हस्तांतरित होतील असे म्हटले होते, त्याला आपण घेतलेला आक्षेप आम्हाला योग्य वाटला. आता अनुवादाचा कॉपीराइट आपल्याकडेच राहील आणि आम्हाला केवळ मराठी छापील पुस्तक व ई-पुस्तक यांचा, सर्व देशांसाठी, पहिल्या प्रकाशनापासून सात वर्षांचा परवाना मिळेल. श्राव्य पुस्तक, नाट्यरूपांतर व चित्रपट यांचा त्यात समावेश नाही. मुदत व प्रदेश करारात स्पष्ट लिहिले नाहीत, तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षे आणि प्रदेश केवळ भारत असा धरला जातो, आणि कलम ३० क मुळे हाच नियम परवान्यालाही लागू होतो. म्हणून दोन्ही गोष्टी मुद्दाम शब्दांत लिहिल्या आहेत.

मानधनाविषयी (कलम ६ व ७) थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. आगाऊ रक्कम चाळीस हजार रुपये असून त्यांपैकी वीस हजार स्वाक्षरीची प्रत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत व उरलेले वीस हजार हस्तलिखित स्वीकारल्यावर मिळतील. रॉयल्टी छापील किमतीच्या पाच टक्के आहे, पण ती आधी आगाऊ रकमेतून वळती होईल. पुस्तकाची किंमत ४५० रुपये धरली, तर प्रत्येक प्रतीमागे साडेबावीस रुपये होतात. म्हणजे ११०० प्रतींची पहिली आवृत्ती संपूर्ण विकली गेली, तरी हिशेब २४,७५० रुपयांपर्यंतच जाईल आणि आगाऊ रकमेपलीकडील पैसे १,७७८ व्या प्रतीपासून सुरू होतील. हे स्वाक्षरीपूर्वी आपल्या लक्षात असावे. पुस्तक कितीही कमी विकले गेले, तरी दिलेली आगाऊ रक्कम परत मागितली जाणार नाही. देय रकमेतून नियमानुसार कर कापला जाईल आणि विक्रीचा हिशेब दरवर्षी जूनमध्ये पाठविला जाईल.

हस्तलिखित ३१ जानेवारी २०२७ पर्यंत द्यावयाचे आहे. त्यानंतर साठ दिवसांची वाढीव मुदत आहे. स्वीकृतीनंतर अठरा महिन्यांत पुस्तक प्रकाशित झाले नाही, तर परवाना आपोआप संपेल (कलम ९). संपादनातील बदल आपल्या लेखी संमतीशिवाय अंतिम होणार नाहीत आणि आपले नाव मुखपृष्ठावर मूळ लेखकांच्या नावाखाली छापले जाईल. वाद निर्माण झाल्यास तो लवादाकडे जाईल. लवादाचे स्थान पुणे आहे.

वरील सारांश केवळ सोयीसाठी आहे. तो व करार यांत तफावत आढळल्यास कराराचा मजकूरच ग्राह्य धरावा.

स्वाक्षरी करताना प्रत्येक पानाच्या खाली लघुस्वाक्षरी, शेवटच्या पानावर पूर्ण स्वाक्षरी व तारीख आणि दोन साक्षीदारांची नावे, पत्ते व स्वाक्षऱ्या हव्यात. सोबत पॅन कार्डाची छायाप्रत व रद्द केलेला धनादेश जोडावा. एखादे कलम मान्य नसेल, तर कृपया पेनाने खाडाखोड करू नये, कारण एकाच बाजूने केलेली दुरुस्ती पुढे वादाला कारण होते, बुधवार, दि. १५ जुलैपर्यंत लेखी कळवावे, म्हणजे सुधारित पान वेळेत पाठविता येईल. परत पाठविण्यासाठी आमचा पत्ता लिहिलेला, तिकिटे लावलेला स्पीड पोस्टचा लिफाफा जोडला आहे. सोलापूरहून टपालाला दोन-तीन दिवस लागू शकतात, तेव्हा सोमवार, दि. २० जुलैपर्यंत तो टपालात पडावा.

कळावे,

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, हक्क व करार विभाग

सोबत : कराराच्या दोन प्रती, परवानगीपत्राची छायाप्रत, परतीचा लिफाफा