उत्तर: डाउट, सर

प्रिय ओंकार,

रात्री सव्वाअकराला आलेला तुझा मेल सकाळी वाचला. ‘डाउट, सर’ एवढंच होतं. कुठे अडलंय ते त्यातून कळत नाही, पण एवढ्या रात्री कॉम्प्युटरपुढे बसून तू अडला होतास हे कळलं. विचारलंस हे बरं केलंस.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सरांना मेल म्हणजे इंग्रजीतच लिहायचा असं वाटून तू दोन शब्दांवर थांबला असशील, तर तसं काही नाही. दहावीपर्यंत तुझं सगळं शिक्षण मराठीत झालंय. माझंही तसंच झालं. मेल मराठीत लिही. घरी बोलतोस तसं लिहिलंस तरी चालेल. शुद्धलेखन मी तपासणार नाही.

आता अंदाज करतो. मंगळवारच्या प्रॅक्टिकलला सहा विषयांच्या गुणांची सरासरी काढायचा प्रोग्रॅम दिला होता. तुझं उत्तर ७५.८३ ऐवजी ७५.०० येत असेल, तर गडबड बहुतेक इथे आहे:

```c
int total = 455;
float avg = total / 6;
```

`avg` ला `float` केलं म्हणजे काम झालं असं वाटतं. पण आधी उजवीकडचा भागाकार होतो. तिथे `total` आणि `6` दोन्ही पूर्णांक आहेत, म्हणून सी भाषा अपूर्णांकाचा भाग टाकून देते आणि ७५ हातात ठेवते. ते `avg` मध्ये जाईपर्यंत .८३ गेलेलं असतं. `6` च्या जागी `6.0` लिहून बघ आणि फरक का पडला ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिही.

पण तुझी अडचण ही नसेलही. गुण टाकल्याबरोबर प्रोग्रॅम बंद पडत असेल, तर `scanf` मध्ये `&` राहिलाय का बघ. कंपाइलच होत नसेल तर कारण आणखी वेगळं. आणि भागाकार-बिगाकार ठीक आहे, `float` म्हणजे काय हेच कळलं नाही, असंही असू शकतं. त्यातही लाजण्यासारखं काही नाही. ते मी वर्गात घाईने सांगितलं होतं.

हे चारही अंदाज मी हवेत बांधतोय. तालमीत एखादा पोरगा ‘डाव बसत नाही’ एवढंच म्हणाला, तर वस्ताद काय सांगणार? ते त्याला मातीत उतरवतात आणि ढाक मारायला सांगतात. हात कुठे सुटतो, पाय कुठे कमी पडतो ते डोळ्यांनी बघतात. मलाही तुझा डाव बघू दे. म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम मेलमध्ये पेस्ट कर. स्क्रीनचा फोटो नको, फोटोतला अर्धविराम मला दिसत नाही आणि तो प्रोग्रॅम माझ्याकडे चालवूनही बघता येत नाही. कुठले आकडे टाकलेस, काय यायला हवं होतं, काय आलं ते लिही. एरर आली असेल तर ती अक्षरन् अक्षर तशीच पाठव. एररमध्ये ओळीचा नंबर असतो, त्याच्या वरची ओळही एकदा वाच, विसरलेला अर्धविराम बऱ्याचदा तिथे असतो.

असं काहीसं लिहिलंस तरी मला पुरे: ‘सर, सहा विषयांचे गुण टाकले, बेरीज ४५५ बरोबर आली, पण सरासरी ७५.०० येते. कॅल्क्युलेटरवर ७५.८३ येते. `avg` ला `float` करून बघितलं, फरक नाही.’ असा मेल आला की पाच मिनिटांत उत्तर देता येतं.

मी कॉलेजात होतो तेव्हा राधानगरीकडून एसटीने कोल्हापूरला यायचो. सरांना काय विचारायचं ते वाटेत मनात जुळवत बसायचो. आधी काय केलं, मग काय झालं, कुठे फसलं. कितीदा तरी रंकाळा दिसेपर्यंत उत्तर माझं मलाच सापडलेलं असायचं. तुझंही लिहिता लिहिता सुटलं, तर तेही मेलने कळव. मला वाचायला आवडेल.

तू मागच्या बाकावर बसतोस आणि तास संपला की पटकन निघतोस, हे मी बघतो. सगळ्यांसमोर विचारायला जड जात असेल तर मेलवरच विचारत जा. एकाच गोष्टीबद्दल तीनदा विचारलंस तरी मी कंटाळणार नाही.

गुरुवारी चार ते साडेपाच मी लॅबमध्ये आहे. वही आणि पेनड्राइव्ह घेऊन ये, शेजारी बसून चालवून बघू. त्याआधी आज रात्री प्रोग्रॅम पाठवलास तर मी सकाळी पहिल्या तासाआधी बघून ठेवतो.

पाटील सर