कंठातली संहिता : ऋग्वेदाच्या पाठपरंपरेत हस्तलिखिताचे स्थान

मराठीत आपण एखाद्या वैदिकाला 'दशग्रंथी' म्हणतो, ते त्याच्या घरी दहा पोथ्या आहेत म्हणून नव्हे. दहा ग्रंथ त्याला मुखोद्गत आहेत म्हणून. ग्रंथाचा मूळ पाठ ठरवणाऱ्या पाठचिकित्सेत मात्र हस्तलिखित हा मूळ पुरावा आणि पठण ही त्याची सावली, असे आपण धरून चालतो. ऋग्वेदाच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेतील ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची नोंद युनेस्कोने 2007 मध्ये जागतिक स्मृतिपटावर केली. त्यांतले सर्वांत जुने 1464 सालचे आहे. संहिता त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधीची; तेवढा काळ ती कशाच्या आधारे टिकली? अल्बेरुनी अकराव्या शतकात लिहितो की, वेद विसरला जाईल या भीतीने काश्मीरच्या वसुक्राने तो अलीकडेच लिहून काढला. एरवी ब्राह्मण तो लिहू देत नाहीत, कारण स्वरांचे चढउतार लेखणीला पेलत नाहीत. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या ग्रंथाने तर लिहिलेले पाहून म्हणणाऱ्या 'लिखितपाठका'ला सहा अधम पाठकांत बसवले आहे.

या अविश्वासामागे एक पद्धत होती. संथेत गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा म्हणतो. संहिता बसली की पदे सुटी करून म्हणण्याचा पदपाठ, मग दोन-दोन पदे जोडत जाणारा क्रम, पुढे जटा, घन. जटेत पदे एक-दोन, दोन-एक, एक-दोन अशी येतात; घनात त्यापुढे एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. ऋचेच्या मधले पद अशा रीतीने 13 वेळा उच्चारले जाते. पदे उलटली की अर्थाचा आधार सुटतो आणि संधी नव्याने करावा लागतो, त्यामुळे विसरलेला शब्द अंदाजाने भरून काढता येत नाही. नकलाकाराची डुलकी पुढच्या प्रतीत मुकाट उतरते. घनपाठातली चूक शेजारी बसलेल्याच्या कानाला तिथेच खटकते. ही पाठ तपासण्याचीच व्यवस्था आहे, आणि तिला 'नुसते पाठांतर' म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

महाभारताशी तुलना करण्याचा मोह होतो. त्याच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहावी लागली, पाठभेदांचे डोंगर उभे राहिले. पण महाभारतात अक्षरन् अक्षर जपण्याचा आग्रहच नव्हता. तेव्हा ही तुलना मी पुरावा म्हणून वापरत नाही.

मौखिक परंपरेची किंमतही मोठी होती. म्हणणारे संपले की शाखा, म्हणजे वेदाची ती पाठपरंपरा, संपली. ऋग्वेदाच्या बाष्कल शाखेची अखंड पठणपरंपरा आज उरलेली नाही. शिवाय स्त्रिया आणि शूद्र यांना हा पाठ ऐकण्यापासूनही दूर ठेवले गेले. कंठाचे प्रामाण्य मान्य करताना तो कंठ कोणाचा होता, हेही नोंदवायला हवे. म्हणून माझी सूचना अशी : ऋग्वेदाच्या पुढच्या आवृत्तीत हस्तलिखितांच्या यादीशेजारी पाठकांची यादी असावी, आणि तीत प्रत्येकाची शाखा, गाव व गुरुपरंपरा द्यावी.