मनीषाच्या बढतीबद्दल अभिनंदन: आधीचा मसुदा आणि पाठवायचा संदेश

आधीचा मसुदा

मनीषा, मनःपूर्वक अभिनंदन!! तुझ्या मेहनतीचं चीज झालं. अशीच यशाची शिखरं गाठत राहा. पुढील वाटचालीस खूप खूप शुभेच्छा!

पाठवायचा संदेश

मनीषा,

स्टोअर इनचार्ज म्हणून तुझं नाव जाहीर झालं, फार आनंद झाला. अभिनंदन! मेहनत इथे सगळेच करतात. तुझ्या कामात वेगळं काय आहे, ते आज लिहूनच टाकतो.

बेअरिंगचा साठा आठवतोय ना? रॅक भरलेला असायचा आणि सिस्टिम माल संपल्याचं दाखवायची, म्हणून पुन्हा खरेदीची मागणी निघायची. आम्ही सगळे मोजणीत चूक झाली असं धरून फरकाची एंट्री टाकायचो आणि मोकळे व्हायचो. तू चलनं आणि इनवर्डच्या नोंदी शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिलीस. खरेदी बॉक्समध्ये, इश्यू नगामध्ये, आणि काही आयटमच्या मास्टरमध्ये एका बॉक्सचे 10 नग हा आकडाच भरलेला नव्हता. 12 बॉक्स आले की सिस्टिम 12 नग धरायची, प्रत्यक्षात असायचे 120. तू मास्टर दुरुस्त केलास, आणि नवा आयटम उघडताना एकक दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, हेही ठरवून दिलंस. माझ्या मते खरं काम हे दुसरं. दुरुस्ती एकदाच होते, ती टिकते अशा नियमामुळे.

ड्रायव्हर कितीही घाई करो, चलनावर नुसती सही तू कधी केली नाहीस. "40 पेट्या मिळाल्या, आतला माल मोजायचा बाकी" असं लिहून मगच सही. त्यामुळे माल कमी निघाला तेव्हा पुरवठादाराशी वाद घालायची वेळच आली नाही, क्रेडिट नोट मिळाली.

नव्या मुलांना बिन कार्ड भरायची सवयही तूच लावलीस. माल हातातून गेला की लगेच नोंद, शिफ्ट संपताना आठवून नाही. न रागावता, रॅकपाशी स्वतः उभी राहून.

आता वार्षिक मोजणी, ऑडिट आणि खरेदी विभागाची रोजची बोलणी तुझ्याकडे येणार. पहिले दोन महिने तरी आयटम उघडण्याचा अधिकार स्वतःकडेच ठेव. तो चार हातांत गेला की एककाचा घोळ परत सुरू होईल. आणि जास्त खपाच्या मालाची आठवड्याची मोजणी तोवर मी घेतो. तफावत असलेल्या आयटमची यादी दर सोमवारी सकाळी, कारणासकट, तुझ्या टेबलावर असेल.