तिसऱ्या प्रश्नावरील ‘वेळमर्यादा ओलांडली’ या निकालाबाबत संयोजकांना पत्र

प्रति,
मा. संयोजक,
आंतरमहाविद्यालयीन प्रोग्रॅमिंग स्पर्धा, बेळगाव

विषय: प्रश्न ‘क’ (वजनकाट्यावरची रांग), पहिल्या सबमिशनचा निकाल तपासून मिळणेबाबत

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या स्पर्धेत मी वैयक्तिक गटात भाग घेतला होता. प्रश्नपत्रिका कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत दिलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. आमच्या निपाणी-चिक्कोडी भागातल्या मुलांना प्रश्न समजून घेण्यात वेळ घालवावा लागला नाही.

पत्र प्रश्न ‘क’बद्दल आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे उसाच्या ट्रॉल्या उभ्या आहेत, प्रत्येकीचा टोकन नंबर दिला आहे, आणि मोठ्या नंबरची ट्रॉली लहान नंबरच्या पुढे लागली आहे अशा जोड्या किती, ते सांगायचं. ट्रॉल्या जास्तीत जास्त २०,०००, वेळमर्यादा २ सेकंद, एका फाइलीत एकच रांग. मी सी++ मध्ये सरळ दोन लूप लिहिले:

```
for (int i = 0; i < n; i++)
    for (int j = i + 1; j < n; j++)
        if (a[i] > a[j]) cnt++;
```

३८ व्या मिनिटाला पाठवलेल्या या कोडवर नवव्या टेस्टला `Time Limit Exceeded` आलं. तिथल्या स्वयंसेवक दादांना विचारलं तर ते म्हणाले, “वर्गाच्या पटीतलं सोल्युशन आहे, टीएलई येणारच.” त्यांच्याकडे तेव्हा बरीच गर्दी होती, त्यांना दोष देत नाही. पण हे उत्तर मला पटलेलं नाही.

n² म्हटलं की टीएलई, असा नियम कुठेच नसतो. n किती आणि सेकंद किती, ते पाहूनच ठरतं. २०,००० ट्रॉल्यांच्या जोड्या होतात १९,९९,९०,०००, म्हणजे वीस कोटींना थोड्या कमी. प्रत्येक जोडीला एक तुलना आणि फार तर एक बेरीज. मेमरीत सलग ठेवलेल्या वीस हजार संख्या जेमतेम ८० केबी होतात, कॅशमध्ये आरामात राहतात. आजच्या साध्या प्रोसेसरवर ऑप्टिमाइझ केलेल्या सी++ ला हे काम दोन सेकंदांत सहज झेपतं. फेनविक ट्री किंवा मर्ज सॉर्टच हवं असतं, तर मर्यादा दोन लाख ठेवता आली असती. मग जोड्या दोन हजार कोटी झाल्या असत्या आणि हा कोड पाठवायचा विचारही मी केला नसता. मर्यादा वाचूनच स्पर्धक पद्धत निवडतो. छापलेली मर्यादा हा संयोजकांनी दिलेला शब्द असतो, असं मी मानतो.

मग टीएलई का आलं? स्पर्धेनंतर तुम्ही टेस्ट फाइली आणि प्रत्येक टेस्टची वेळ खुली केलीत, त्यामुळे हे शोधता आलं. आठव्या आणि नवव्या, दोन्ही टेस्टमध्ये n २०,००० च आहे. आठवीत नंबर पूर्ण उतरत्या क्रमाने, नववीत कसेही विखुरलेले. आठवी १.५२ सेकंदांत पास झाली, नववी दोन सेकंदांच्या बाहेर गेली. आता गंमत बघा: आठवीत `cnt++` प्रत्येक जोडीला होतं, नववीत साधारण निम्म्याच जोड्यांना. काम कमी असून वेळ जास्त! याचं कारण प्रोसेसरच्या अंदाजात आहे. `if` खरं निघणार की खोटं, हे प्रोसेसर आधीच ताडून पुढच्या सूचना सुरू करतो. उतरत्या क्रमात उत्तर नेहमी ‘खरं’, त्यामुळे अंदाज चुकतच नाही. विखुरलेल्या नंबरांत तो वारंवार चुकतो, आणि चुकला की सुरू केलेलं काम टाकून परत मागे यावं लागतं.

पण हा फरक `-O2` लावून कंपाइल केल्यावर दिसायला नको. माझ्या लॅपटॉपवर त्या पर्यायाने कंपाइल करून असेंब्ली उघडून पाहिली. आतल्या लूपमध्ये त्या `if` साठी उडी उरतच नाही. तुलनेचं ० किंवा १ थेट बेरजेत जातं. दोन्ही फाइलींना तिथे ०.१७ सेकंद लागतात. `-O2` काढलं की आठवीला ०.९ आणि नववीला १.५ सेकंद. `-O2` नसताना `vector` चं `a[i]` हा प्रत्येक वेळी खरोखरचा फंक्शन कॉल होतो, जोडीमागे दोन, म्हणजे एकूण चाळीस कोटींच्या आसपास. तुमच्या जजवरच्या वेळा याच दुसऱ्या प्रकाराशी जुळतात.

नियमपत्रकाच्या दुसऱ्या पानावर कंपाइलची आज्ञा अशी छापली आहे:

```
g++ -O2 -std=c++17
```

जीसीसी ऑप्टिमाइझ करत असेल तेव्हा `__OPTIMIZE__` हा मॅक्रो आपोआप ठरवतं. सरावासाठी खुल्या ठेवलेल्या जजवर मी हे पाठवलं:

```
#include <cstdio>
int main() {
#ifdef __OPTIMIZE__
    puts("1");
#else
    puts("0");
#endif
}
```

उत्तर `0` आलं. सरावाचं यंत्र आणि स्पर्धेचं यंत्र वेगळं असू शकतं, त्यामुळे एवढ्यावरून मी अंतिम निष्कर्ष काढत नाही. पण स्पर्धेच्या दिवशीची कंपाइल नोंद तुमच्याकडे असेल, ती पाहिली की पाच मिनिटांत उलगडा होईल.

याचा परिणाम माझ्यापुरता सांगतो. पहिल्या टीएलईनंतर इनपुट वाचण्याची पद्धत बदलून पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. शेवटी मर्ज सॉर्ट लिहून १३१ व्या मिनिटाला प्रश्न सुटला. नाकारलेल्या प्रत्येक सबमिशनला २० मिनिटं धरली की ‘क’चा दंड १७१ होतो; पहिलंच सबमिशन बरोबर धरलं तर तो ३८. सुटलेले प्रश्न सारखे असताना क्रम दंडावर ठरतो, म्हणून या १३३ मिनिटांनी पुढच्या फेरीचं दार बंद होतं.

मला जास्त काळजी वाटते ती ज्यांना मर्ज सॉर्ट येत नव्हतं त्यांची. निकालपत्रकात ‘क’वर नुसतं टीएलई घेऊन थांबलेले बरेच जण दिसतात. खानापूरकडच्या खेड्यांतून पहाटेच्या बसने आलेली, पहिल्यांदाच स्पर्धेला बसलेली मुलं त्यांत आहेत. दिलेल्या मर्यादेत बसणारं बरोबर उत्तर त्यांनी लिहिलं असेल, तर त्यांना ते चूक आहे असं सांगितलं गेलं. मर्ज सॉर्ट लिहिणाऱ्यांचं श्रेय याने कमी होत नाही, त्यांचे निकाल तसेच राहतील.

म्हणून विनंती आहे की स्पर्धेच्या जजवरची कंपाइल आज्ञा तपासावी, आणि `-O2` लागलं नसल्यास ‘क’ची टीएलई आलेली सर्व सबमिशन्स, फक्त माझी नव्हेत, छापील आज्ञेने पुन्हा तपासून दंडासह निकाल सुधारावा. आज्ञा बरोबर निघाली, तर आठव्या-नवव्या टेस्टमधल्या फरकाचं कारण लेखी कळवावं. ते मी मान्य करीन. पुढच्या फेरीची यादी तोपर्यंत अंतिम करू नये.

सोबत मूळ कोड, दोन्ही प्रकारे मोजलेल्या वेळा आणि सरावाच्या जजवरील उत्तराचं चित्र जोडलं आहे. समितीला समोर बसून पाहायचं असेल, तर सांगाल त्या दिवशी लॅपटॉप घेऊन बेळगावला येईन.

कळावे,

आपला विश्वासू,
संकेत
स्पर्धक क्रमांक ४७, वैयक्तिक गट
निपाणी