लिंबाच्या रोपाबद्दल, सहा फोटो सोबत जोडलेत

नमस्कार काका,

मी राजेंद्र नगरची, मागच्या आठवड्यात मोगरा, कढीपत्ता आणि लिंबू मागवलं होतं ती. आडनाव ऐकल्या ऐकल्या तुम्ही "अहो मग मराठीतच बोला ना" म्हणाला होतात, आठवलं असेल. काल दुपारी परत फोन केला पण तुमच्याकडे गर्दी होती, मागे कोणीतरी "भिया ये गमला कित्ते का" विचारत होतं आणि आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून लिहूनच पाठवतेय. लांबलंय जरा, पण फोटो एकेक उघडून वाचा, घाईत नको.

आधी चांगलं सांगते. मोगरा मस्त आहे, दोन कळ्या पण आल्यात. कढीपत्ता पण ठणठणीत, तो लिंबाच्याच घराण्यातला म्हणून रोज पानं उलटून बघतेय, काही नाही त्यावर. प्रॉब्लेम फक्त लिंबाचा आहे.

रोप शनिवारी संध्याकाळी आलं. पाऊस चालू होता, मुलगा बिचारा रेनकोट घालून उभा, मी पटकन थैली घेतली आणि आत ठेवली, नीट बघितलं नाही, ती माझी चूक. रविवारी पाहुणे होते. सोमवारी सकाळी गमल्यात लावायला घेतलं तेव्हा पानांवर डाग दिसले. तुमच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला ताई पाण्याचे डाग आहेत, पुसून टाका. पुसले. ओल्या कापसाने घासले, काहीच गेलं नाही. मग वाटलं खवले कीड असेल, ती नखाने निघते, आमच्या जास्वंदीवर येते दरवर्षी. नखाने पण नाही निघालं, उलट पानाला भोक पडलं.

आता फोटो बघा. पहिल्या फोटोत पूर्ण रोप आहे, अडीच फूट असेल, लांबून छानच दिसतं, तुमच्याकडून निघताना पण तसंच दिसलं असणार. दुसरा फोटो पानाचा वरून. डाग ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, तपकिरी, मधे खडबडीत आणि प्रत्येकाच्या भोवती पिवळं कडं. तिसरा फोटो त्याच पानाचा मागून, मुद्दाम काढलाय, कारण डाग मागे पण तसाच फुगलेला आहे. बोट फिरवलं तर जायफळाच्या किसणीसारखं लागतं. पान खिडकीशी उजेडात धरलं की ते पिवळं कडं एकदम लख्ख दिसतं. चौथा फोटो झूम करून बघा, यात फांदीवर आणि दोन काट्यांवर पण बुचासारखे खरबरीत फोड आहेत, तिथे पिवळं कडं नाही पण साल तडकल्यासारखी झालीय. पाचव्यात एक कोवळं पान आहे, त्यावर नागअळीची वाकडीतिकडी चंदेरी रेघ आहे आणि डाग बरोबर त्या रेघेवरूनच रांगेत उठलेत, जणू अळीने वाट करून दिली.

काका, हा खैऱ्या आहे. कँकर. तुम्ही एवढी वर्षं रोपं विकताय, तुम्हाला मी काय सांगणार, पण काल तुम्ही "पावसात असं होतंच, जस्त कमी असेल, सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट टाका" असं म्हणालात ते मला पटलं नाही. जस्त कमी असलं की शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं पडतं, पानं बारीक होतात, पण फोड येत नाहीत. आणि काट्याला कसली जस्ताची कमतरता! हा बॅक्टेरियाचा रोग आहे, खत देऊन जाणार नाही.

दुसरं तुम्ही म्हणालात की तुमच्या घरी आल्यावर लागलं असेल. यावर मी रात्री बराच विचार केला कारण आमच्याकडे लिंबाचं जुनं झाड आहे, म्हटलं खरंच आपल्याकडूनच तर नाही ना गेलं. सकाळी टॉर्च घेऊन जुन्या झाडाची पानं बघितली, नागअळी आहे, पण फोड एक नाही. शिवाय हा रोग लागल्यावर डाग दिसायलाच साधारण आठवडा ते दोन आठवडे जातात, फांदीवर बूच धरायला तर अजून जास्त. माझ्याकडे रोप शनिवारी संध्याकाळी आलं आणि सोमवारी सकाळी मला फोड दिसले.

आणि हे सगळं सोडा, सहावा फोटो बघा. तो मी काढलेला नाही. तुमच्याच मुलाने गेटवर डिलिव्हरीचा पुरावा म्हणून काढला आणि मला पाठवला, शनिवारी ६ वाजून ४० मिनिटांनी. उजवीकडची खालची दोन पानं मोठी करून बघा. डाग आहेत. मला हसावं का रडावं कळेना. मुलाला रागवू नका, त्याचं काम पोचवणं, पण रोप गाडीवर चढण्याआधी कोणीतरी बघायला हवं होतं.

मला राग आलाय तो ३५० रुपयांचा नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं, साध्या कागदी लिंबाला खैऱ्या पटकन लागतो म्हणून मला राहुरीची साई शरबतीच हवी, ती या रोगाला बऱ्यापैकी तोंड देते. तुम्ही म्हणालात हो तीच आहे. चिठ्ठीवर पण तेच लिहिलंय. आता तोंड देते म्हणजे लागतच नाही असं नाही, हे मला कळतं, नर्सरीत रोग भरपूर असेल तर चांगली जात पण सापडते. पण एवढंसं रोप आणि पानं, फांदी, काटे सगळीकडे फोड, म्हणजे ती खरंच साई शरबती आहे की साधं कागदी चिठ्ठी लावून दिलंय, हा प्रश्न मनात येतोच. चिठ्ठीवर "कलम" पण लिहिलंय आणि मला खोडावर सांधा कुठेच दिसला नाही. गुटी असेल किंवा बियांचं असेल तरी माझी हरकत नाही, लिंबाची रोपं तशीही करतात, फक्त जे आहे ते सांगा. तुम्ही ही रोपं स्वतः करता की बाहेरून आणता ते पण कळलं तर बरं होईल.

खरी काळजी जुन्या झाडाची आहे. ते सासूबाईंनी लावलेलं, वीस वर्षं होऊन गेली, घराचं लोणचं आणि उन्हाळ्यातलं सरबत त्याच्यावरच चालतं, कॉलनीत पण वाटतो. आणि मी शहाणीने नवीन रोप दोन रात्री त्याच्याच खाली ठेवलं, पाऊस लागेल, रुजेल म्हणून. हा रोग तर पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनीच पसरतो आणि आत्ता जुन्या झाडाला कोवळी पालवी फुटलीय, म्हणजे लागायला अगदी सोयीचं. ह्यांना सांगितलं तर म्हणे "एका रोपाने काय होतंय", पण रोज जेवताना लिंबू नाही मिळालं की पहिले तेच विचारणार.

सोमवारीच मी नवीन रोप उचलून जिन्याखाली ठेवलं, तिथे पाऊस येत नाही. पाणी फक्त मुळाशी देते, पानांवर थेंब नाही. हात, कात्री सगळं स्पिरिटने पुसलं. मंगळवारी दुपारी उघडीप मिळाली तेव्हा जुन्या झाडावर कॉपर ऑक्सिक्लोराईड मारलं, १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम. अर्थात त्याने लागलेला रोग बरा होत नाही, नवीन पालवी वाचली तर वाचली, पावसात परत परत मारावं लागणार. गळलेली चार पानं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवलीत. कंपोस्टमध्ये नाही टाकली. सासरे रुसले त्यावरून, कारण त्यांचं म्हणणं आपल्या इंदूरच्या कंपोस्टमध्ये सगळं पचतं, हॉवर्ड साहेबांनी ही पद्धत इथेच बसवली वगैरे, तो विषय निघाला की अर्धा तास जातो. पण घरच्या छोट्या खड्ड्यात तेवढी आच धरत नाही आणि मला रिस्क नकोय. ओल्या कचऱ्याच्या गाडीत पण दिली नाहीत.

आता मला काय हवंय ते सांगते. लिंबाचे ३५० रुपये परत करा, डिलिव्हरीचे ६० राहू द्या कारण बाकी दोन रोपं चांगली आली. बदलून दुसरं रोप नकोय, निदान या लॉटमधलं तर नकोच, या पावसाळ्यात नकोच. पुढे थंडीत मी स्वतः येऊन पानं उलटून बघून नेईन, तेव्हा दाखवा.

आणि प्लीज, या लॉटमधली बाकीची रोपं आजच्या आज बघा. मी मे महिन्यात आले होते तेव्हा लिंबाच्या थैल्या एकमेकींना चिकटून लावलेल्या होत्या आणि तुमचा माणूस वरून पाईपने झोडपल्यासारखं पाणी देत होता. तेव्हा काही बोलले नाही, आपण गिऱ्हाईक, कशाला शिकवा. पण एका रोपाला खैऱ्या असेल तर अशा पाण्याने अख्खी ओळ जाते. थैल्या जरा लांब करा, पाणी खालून द्या, डागवाली रोपं सरळ बाजूला काढा आणि विकू नका, स्वस्तात पण नाही. ज्यांना त्या आठवड्यात लिंबू गेलंय त्यांना एक फोन करून विचारा. समोरच्या वहिनींनी पण तुमच्याकडूनच दोन लिंबं घेतलीत, त्यांच्या एका रोपावर मला तसेच डाग वाटले, त्या तुम्हाला वेगळे फोटो पाठवतील.

अजून पटत नसेल तर भांडत बसायला नको, कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात दोन डहाळ्या पिशवीत बंद करून नेऊ आणि दाखवू, तुम्ही पण चला. ते जर म्हणाले खैऱ्या नाही तर मी पैसे मागणार नाही आणि माफी पण मागेन.

रोपाचं काय करायचं ते रविवारपर्यंत कळवा. परत न्यायचं असेल तर मोठी पिशवी आणायला सांगा, उघडं गाडीवर ठेवून दहा घरं फिरवत नेऊ नका. नाहीतर मी इथेच मुळासकट उपटून पिशवीत बांधते आणि व्हिडिओ पाठवते, म्हणजे तुम्हालाही शंका नको. पैसे ज्या नंबरवरून मी पाठवले होते त्यावरच टाका. रविवारी मी ११ पर्यंत घरी आहे, नंतर रामबागेत लग्नाला जायचंय.

तुमच्या फोनमध्ये "कढीपत्तावाली ताई" म्हणून सेव्ह असलेली,
राजेंद्र नगर, इंदूर
गुरुवार