सौर प्रकल्पासाठी इरादापत्र

पारिजात सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
कोथरूड, पुणे

दिनांक : 12 जानेवारी 2026

प्रति,
संचालक, सूर्यतेज सोलर सर्व्हिसेस, भोसरी, पुणे

विषय : गच्चीवरील 40 किलोवॅट सौर प्रकल्पासाठी आपली निवड

महोदय,

आलेल्या चार कोटेशनपैकी आपले कोटेशन व्यवस्थापक समितीने पसंत केले आहे. दर सर्वांत कमी नसतानाही निवड आपली झाली, कारण पाच वर्षांच्या देखभालीचा तपशील फक्त आपणच कामवार लिहून दिला होता.

हे पत्र म्हणजे वर्क ऑर्डर नाही. 1 फेब्रुवारीच्या विशेष सर्वसाधारण सभेची मंजुरी, महावितरणचा तांत्रिक व्यवहार्यतेचा होकार आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करारनामा, हे तिन्ही झाल्याशिवाय काम दिले असे समजू नये. तोपर्यंत पॅनेल किंवा इन्व्हर्टर मागवू नयेत. मागवल्यास तो खर्च आपला राहील. आगाऊ रक्कमही दिली जाणार नाही. सभेने ठराव नामंजूर केला, तर खाली मान्य केलेल्या खर्चापलीकडे संस्थेकडे काही मागता येणार नाही.

संस्था आजपासून बांधील आहे ती एवढ्यापुरती : 28 फेब्रुवारी 2026 पर्यंत या कामासाठी दुसऱ्या कोणाशीही बोलणी करणार नाही, पाहणीसाठी गच्ची व मीटर रूम खुली करून देईल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालाचे जीएसटीसह 35,000 रुपये, प्रकल्प होवो अथवा न होवो, अहवाल मिळाल्यावर पंधरा दिवसांत देईल. आपणही याच तारखेपर्यंत 21,60,000 रुपये ही सर्व करांसह किंमत कायम ठेवायची आहे. आपली दरपत्रके आम्ही आणि सभासदांची वीजबिले आपण बाहेर कोणालाही दाखवायची नाहीत.

अनुदानाबद्दल आताच स्पष्ट लिहितो. पीएम सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये, म्हणजे आपल्या प्रकल्पाला 7,20,000 रुपये अपेक्षित आहेत. ही रक्कम प्रकल्प सुरू झाल्यावर संस्थेच्या खात्यात येते. त्यामुळे आपले कोणतेही बिल तिच्यासाठी अडवले जाणार नाही. मात्र भारतीय सेलचे डीसीआर पॅनेलच बसले पाहिजेत. त्यात कसूर होऊन अनुदान हुकले, तर तेवढी रक्कम आपल्या बिलातून वजा होईल, ही अट करारात असेल.

आणखी एक आग्रह. बी विंगच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग मागच्या उन्हाळ्यातच झाले आहे. वरच्या मजल्यावरच्या घरांनी त्याआधीचे दोन पावसाळे बादल्या लावून काढले. म्हणून तिथे स्लॅबला एकही भोक चालणार नाही. स्ट्रक्चर काँक्रीटच्या ठोकळ्यांवरच उभे राहील. ठोकळ्यांचे वजन स्लॅबला आणि पॅनेलवरचा वारा ठोकळ्यांना पेलतो का, या दोन्हींचे आकडे अहवालात हवेत. पाहणीला येताना इंजिनिअरांना टाकीची दुपारनंतरची सावलीही मोजायला सांगावी.

मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर सही-शिक्का करून 19 जानेवारीपर्यंत ती संस्थेच्या कार्यालयात द्यावी.

आपले विश्वासू,
अध्यक्ष / सचिव / खजिनदार
(व्यवस्थापक समितीच्या 10 जानेवारी 2026 च्या ठरावानुसार)