फी पावतीतील बेरजेच्या चुकीबाबत तक्रार

प्रति,
मा. मुख्याध्यापक

महोदय,

मुलीची पहिल्या सत्राची फी 12 जूनला रोख भरली. शिक्का मारायचा राहिला म्हणून मूळ पावती खिडकीवरच ठेवून घेतली आणि संध्याकाळी तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यात शिक्षण शुल्क 9,600, सत्र शुल्क 1,600, संगणक 1,200, ग्रंथालय व क्रीडा 450 असे आकडे आहेत. बेरीज 12,850 होते; पावतीवर मात्र 13,850. फोटो पुसट आहे म्हणावे, तर अक्षरीही ‘तेरा हजार आठशे पन्नास’च लिहिले आहे, आणि तेवढेच मी मोजून दिले.

जादा 1,000 रुपये परत करावेत किंवा ते कशाचे, हे लेखी कळवावे. दुरुस्त केलेली मूळ पावतीही द्यावी. फोटोची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
इयत्ता 4 थी ‘ब’, हजेरी क्र. 17 ची आई
18 जून